रिपोर्टावर ‘हाय’ असताना डॉक्टर घरी का पाठवतात?

*डॉक्टर, गणपतीच्या आगेमागे पंधरा दिवसांत आमच्या घरात दोघांना छातीचा त्रास झाला. आधी सासरे (वय 68). मुंबईहून रात्रीच्या गाडीने आले आणि दुसऱ्या दिवशी श्वास घेताना उजव्या बरगडीत कळ यायला लागली. आमच्या डॉक्टरांनी डी-डायमर करायला लावली. 640 आली, पुढे ‘हाय’ छापलेलं. तरी म्हणाले, सीटीची गरज नाही, घरी न्या. मग माझी जाऊ (वय 46). शेवाळावरून घसरून घोटा मोडला होता, प्लेट बसवून 19 दिवस झाले होते. तिला धाप लागली, तर त्याच डॉक्टरांनी डी-डायमर न करताच पोटात इंजेक्शन दिलं आणि 108 बोलावून सीटीला पाठवलं. फुफ्फुसात गुठळी निघाली. आता दीर रोज विचारतात, बाबांचा रिपोर्ट हाय होता तर त्यांना का सोडलं? आठ दिवसांनी पुन्हा डी-डायमर करावी का? दोघांचे कागद पाठवते आहे.*
*— गुहागर तालुक्यातली एक सून*

ताई, कागद नीट पाठवलेत, अगदी केसपेपरच्या मागच्या बाजूसकट, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. दिरांना आधी एवढं सांगा, की तुमच्या डॉक्टरांनी दोघांना एकच रीत लावली. फक्त ती रीत रक्ताच्या रिपोर्टापासून सुरू होत नाही, त्याच्या आधीपासून सुरू होते.

डी-डायमर म्हणजे काय ते आधी बघू. रक्ताची गुठळी फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांनी विणलेली असते. गुठळी झाली की शरीर लगेच ती विरघळवायला घेतं, आणि त्या धाग्यांचे जे बारीक तुकडे रक्तात येतात ते डी-डायमर. किनाऱ्यावर जाळ्याचे तुकडे वाहून आले तर कुठेतरी जाळं फाटलं एवढंच कळतं. कोणाचं, किती वावात, हे कळत नाही. पण तुकडे मुळीच आले नाहीत, तर जवळपास मोठं जाळं फाटलेलं नसावं असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ही तपासणी तेवढ्याच कामाची आहे: ‘नाही’ म्हणायला. ‘आहे’ म्हणायला ती फार कच्ची. ऑपरेशन, हाड मोडणं, बाळंतपण, कॅन्सर, न्यूमोनिया, आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, फुरसं चावणं, या सगळ्यांत ती वाढते. आणि नुसतं वय वाढलं तरी वाढते.

म्हणून ती मागवायच्या आधी डॉक्टरला स्वतःशी एक प्रश्न सोडवावा लागतो: या माणसाला फुफ्फुसात गुठळी असण्याची शक्यता मुळात किती? त्यासाठी कॅनडातल्या फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली गुणांची एक यादी आम्ही वापरतो. पायाच्या खोल शिरेत गुठळी असल्याची लक्षणं, म्हणजे सूज आणि शिरेच्या वाटेवर दाबल्यावर दुखणं, दिसली तर 3. दुसऱ्या कुठल्याही कारणापेक्षा गुठळीचीच शक्यता जास्त वाटली तर 3. नाडी 100 च्या वर असेल तर दीड. गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल किंवा तीन दिवस वा अधिक अंथरुणाला खिळून असेल तर दीड. पूर्वी अशी गुठळी झाली असेल तर दीड. खोकल्यातून रक्त पडत असेल तर 1, आणि कॅन्सर असेल तर 1. बेरीज 4 किंवा त्याच्या आत असेल तर ‘शक्यता कमी’, 4 च्या वर गेली तर ‘शक्यता जास्त’. पुढची वाट इथे फुटते. कमी असेल तर डी-डायमर, जास्त असेल तर थेट सीटी.

तुमच्या सासऱ्यांच्या केसपेपरवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक शून्य काढून त्याभोवती गोल केलाय. तुम्हाला ती रेघोटी वाटली असेल. ती त्यांची बेरीज आहे. नाडी 84, ऑक्सिजन 97, बीपी 138/84. पाय दोन्ही सारखे. ऑपरेशन नाही, पूर्वीची गुठळी नाही, रक्त नाही. बरगडीवर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, आणि तिथे दाबलं की तीच कळ. ईसीजी आणि छातीचा एक्सरे दोन्ही ठीक. पुढे लिहिलंय की गाडीतून उतरताना मखराचं आणि बाकी सामानाचं ओझं त्यांनीच टपावरून घेतलं. म्हणजे स्नायू दुखावल्याचं कारण समोर होतं आणि तेच जास्त पटण्यासारखं होतं. (दाबल्यावर दुखतं म्हणून गुठळी नाहीच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दोन्ही एकत्र असू शकतं. ते एकट्याने पुरावा होत नाही, दुसरं कारण पटायला मदत करतं, एवढंच.)

दोन गोष्टींपाशी मीही थांबलो. पहिली, रात्रभराचा प्रवास. दिरांचा संशय त्याच्यावरच असणार. वेल्सच्या यादीत प्रवासाला वेगळे गुण नाहीत. ‘खिळून असणं’ म्हणजे तीन दिवस अंथरुणात, दहा तास गाडीत नव्हे. डॉक्टर प्रवासाचा विचार करतात तो त्या 3 गुणांच्या प्रश्नात, ‘गुठळीच जास्त संभवते का?’ या ठिकाणी. दुसरी गोष्ट सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांत सापडली. ते मेटोप्रोलॉल घेतात. ही गोळी नाडी दाबून ठेवते, म्हणजे एरवी 105 झाली असती ती 84 दिसू शकते. यादीला ही गोळी माहीत नसते, डॉक्टरला असावी लागते. म्हणून मी मुद्दाम नाडीचे दीड गुण देऊन बघितले. बेरीज शून्याची दीड झाली. तरी 4 च्या खूप खाली. गट बदलत नाही.

आता 640. रिपोर्टावर नॉर्मलची हद्द 500 छापली आहे, म्हणून यंत्राने पुढे ‘हाय’ टाकलं. यंत्र वय बघत नाही. पण 50 च्या पुढच्या माणसाला 500 ची हद्द लावली तर निम्मं गाव सीटीला पाठवावं लागेल, कारण या वयात गुठळी नसतानाही आकडा वर असतो. त्यासाठी साधा हिशोब आहे: 50 च्या पुढे वयाला 10 ने गुणायचं. 68 वर्षांच्या माणसाची हद्द 680. सासऱ्यांचे 640 तिच्या आत बसतात. हा मनाने काढलेला नियम नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात नेमके असेच लोक तपासले होते, आकडा 500 च्या वर पण वयाच्या हद्दीत असलेले. त्यांना गुठळीचं औषध न देता तीन महिने लक्ष ठेवलं. असे 331 जण होते, त्यातल्या एकालाच पुढे गुठळी निघाली. शून्य नाही, हे दिरांना स्पष्ट सांगा. पण एवढी चूक सीटी नॉर्मल आल्यावरही शिल्लक राहतेच.

हे सगळं उभं आहे ते एका बारीक अक्षरातल्या शब्दावर, आणि त्याच्यासाठी मी तुमच्या फोटोवर दोन वेळा बोटं ताणली. आकड्याच्या पुढे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं एकक असतं आणि त्याला लागून ‘एफईयू’ किंवा ‘डीडीयू’ अशी तीन अक्षरं. मोजायच्या या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. एक डीडीयू म्हणजे साधारण दोन एफईयू. 500 ची हद्द आणि वयाला 10 ने गुणणं, दोन्ही एफईयूच्या पट्टीसाठी आहेत. डीडीयूमध्ये हद्द 250 च्या आसपास छापलेली असते आणि वयाला 5 ने गुणायचं. सासऱ्यांच्या रिपोर्टावर एफईयू आहे. तिथे डीडीयू असतं तर त्यांचे 640 म्हणजे जवळजवळ 1280 झाले असते, आणि मग तुमच्या डॉक्टरांनीही गाडी चिपळूणकडे वळवली असती.

या अक्षरांबद्दल मी एवढा किरकिरा का, तर एकदा फसलोय. बरीच वर्षं झाली. 52 वर्षांचे एक शिक्षक, छातीत बारीक कळ, वेल्सचे गुण दीड. डी-डायमर 380. मी 380 वाचलं, 500 च्या आत म्हटलं आणि त्यांना घरी पाठवलं. संध्याकाळी लॅबमधल्या मुलीचा फोन आला, “सर, आपलं मशीन बदललंय, नवीन किट डीडीयूत देतं, तुम्ही बघितलंत ना?” मी बघितलं नव्हतं. 380 म्हणजे एफईयूत 760, आणि त्यांच्या वयाची हद्द 520. रात्रीच त्यांना परत बोलावून इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी सीटीत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या फांदीत गुठळी. ते बरे झाले. तेव्हापासून मी आकड्याच्या आधी छापलेली हद्द वाचतो. काही लॅब मायक्रोग्रॅममध्ये देतात, तिथे 0.5 म्हणजेच 500. त्यामुळे ‘डी-डायमर किती आली?’ असं फोनवर विचारून उपयोग नसतो. कागदाचा फोटो लागतो.

आता जाऊबाई. त्यांच्या केसपेपरवर पेन्सिलीत 9 आहे. ऑपरेशनला 19 दिवस, दीड. नाडी 116, दीड. पायाचे 3. इथे डॉक्टरांनी चांगलं काम केलंय. ऑपरेशन झालेला पाय थोडा सुजणारच, मग ती सूज घोट्याची की शिरेची? त्यांनी पट्टी सोडून दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या आणि आकडे लिहून ठेवले, 38.5 आणि 35. सूज घोट्यापाशी न थांबता गुडघ्याच्या मागे वर चढलेली आणि तिथेच दाबल्यावर दुखत होतं. घोट्याची सूज अशी वागत नाही. ऑक्सिजन 91 आणि फुफ्फुस ऐकायला स्वच्छ, ताप नाही, दम्याची शिट्टी नाही, म्हणजे धापेला दुसरं कारण सापडत नव्हतं. तिथे आणखी 3. एकूण 9.

अशा बाईची डी-डायमर का केली नाही? केली असती तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. आकडा वाढलेला आला असता, जो प्लेट बसवल्यावर बहुतेकांचा येतोच, त्यामुळे नवीन काही कळलं नसतं. किंवा कसा कोण जाणे नॉर्मल आला असता, आणि तोच जास्त धोक्याचा. 2006 सालच्या एका मोठ्या अभ्यासात ‘शक्यता कमी’ गटातल्या 100 जणांमागे 12 जणांना गुठळी निघाली, ‘जास्त’ गटात 37 जणांना. पहिल्या गटात नॉर्मल रिपोर्ट आला की उरलेला संशय नगण्य होतो. दुसऱ्या गटात मुळातच संशय एवढा असतो, की तोच नॉर्मल रिपोर्ट त्याला पुरता खोडू शकत नाही. पण कागदावर ‘नॉर्मल’ दिसलं की घरचे हुश्श करतात, आणि कधीकधी डॉक्टरही. म्हणून ज्या रिपोर्टाने निर्णय बदलायचा नाही, तो मागवायचाच नाही.

पोटातलं इंजेक्शन हे हेपरिनच्या जातीचं, गुठळी वाढू न देणारं. सीटीच्या आधी ते का, तर तुमच्या गावाहून सीटीपर्यंत दीड तास, तिथे नंबर लागेपर्यंत आणखी वेळ, आणि तेवढ्यात पायातला दुसरा तुकडा सुटून वर जाऊ शकतो. संशय जास्त आणि तपासणीला उशीर, अशा वेळी आधी औषध, मग फोटो. मात्र ऑपरेशनला तीनच आठवडे झालेले असताना रक्त पातळ करायचं, तर जखमेतून रक्तस्राव होतोय का, पूर्वी पोटात अल्सर वगैरे होता का, हे विचारावं लागतं. केसपेपरवर ‘जखम कोरडी’ असं लिहिलंय. विचारलं होतं तर.

त्यांची सीटी साधी नव्हती, हेही दिरांना समजावून द्या, कारण कोविडपासून घरोघरी छातीच्या सीटीच्या फिल्म पडल्यात आणि लोक त्या घेऊन येतात, ‘सीटी झालीय की डॉक्टर, नॉर्मल आहे.’ साध्या सीटीत किंवा एचआरसीटीत रक्ताचा आणि गुठळीचा रंग जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे ती नॉर्मल असली तरी गुठळी नाही असं म्हणता येत नाही. यासाठी करतात ती सीटी पल्मनरी अँजिओग्राफी. कोपराजवळच्या शिरेत जाडसर सुई लावून यंत्राने वेगाने डाय सोडतात. अंगभर ऊब जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं, ती भीती खोटी असते. डाय फुफ्फुसाच्या धमनीत पोचते त्या काही सेकंदांतच फोटो घ्यायचा असतो. तेव्हा धमनी पांढरी चकचकीत दिसते आणि गुठळी तिच्यात काळ्या डागासारखी. वेळ चुकली किंवा माणूस धापेमुळे हलला, तर रिपोर्टात ‘तपासणी अपुरी’ असं येतं. त्याला ‘नॉर्मल’ समजू नये. जाऊबाईंच्या फिल्ममध्ये डाग उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागाच्या मुख्य फांदीत आहे, आणि रिपोर्टाच्या शेवटी लिहिलंय की हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला नाही. ती ओळ चांगली आहे. गुठळीमुळे हृदयावर ताण आलेला नाही असा तिचा अर्थ.

मग सगळ्यांचीच अँजिओग्राफी का करत नाहीत? डाय मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात. काहींना डायची ॲलर्जी असते. आणि सरसकट फोटो काढत बसलं की कडेच्या बारीक फांद्यांत पुसटसं काहीतरी दिसतं, ते खरं की सावली हे ठरत नाही, आणि धडधाकट माणूस महिनोन् महिने रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर अडकतो. ज्यांना डाय चालत नाही त्यांच्यासाठी पायाच्या शिरांची सोनोग्राफी हा चांगला आडमार्ग आहे. प्रोबने दाबल्यावर मांडीची किंवा गुडघ्यामागची शीर चपटी झाली नाही, तर आत गुठळी आहे. छातीची लक्षणं असताना एवढं सापडलं की उपचार सुरू करायला ते पुरतं, कारण औषध तेच.

जाऊबाईंचं बीपी 112 होतं म्हणून हे सगळं क्रमाने झालं. बीपी 90 च्या खाली गेलेला किंवा चक्कर येऊन कोसळलेला पेशंट असेल तर गुणांची बेरीजही करत बसत नाहीत. खाटेपाशीच इको करून उजवा कप्पा बघतात, आणि तो फुगलेला असला तर गुठळी विरघळवायच्या औषधाचा निर्णय तिथेच घेतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सासऱ्यांची डी-डायमर पुन्हा करू नका. आठ दिवसांनी ती 560 येईल किंवा 720 येईल, आणि 720 आली तर घरात पुन्हा तोच गोंधळ. शिवाय लक्षणं जुनी होत गेली की हा आकडा उतरतो, त्यामुळे उशिरा केलेल्या नॉर्मल रिपोर्टावर विसंबायचं नसतं. शून्य गुण हे त्या दिवसाचे, त्या सकाळचे. पुन्हा मोजायची वेळ आली तर त्यांचा माणूस मोजायचा, रक्त नाही. चढणीवर पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागली, एक पाय सुजला, थुंकीत रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन पडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मेटोप्रोलॉल चालू आहे हे आठवणीने सांगा. जाऊबाईंची डी-डायमरही औषध चालू असताना कोणी सुचवली तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी आकडा खाली येतो, आणि तो बघून ‘गुठळी गेली’ म्हणत मधेच गोळी सोडलेले पेशंट मी पाहिलेत. त्यांच्या गोळ्या किमान तीन महिने चालतील. पुढच्या खेपेला जाताना सीटीची फिल्म, क्रिएटिनिनचा कागद आणि पोटरीची मापं लिहिलेला तो केसपेपर, तिन्ही एका पिशवीत ठेवा.